परतीची रिकामी गाडी आणि एकमार्गी भाड्याचा हिशोब

"आई-वडिलांना पुण्याहून कोल्हापूरला गाडीने सोडायचं आहे. ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याने ४७० किलोमीटरचे मिळून ७,१०० रुपये सांगितले. अंतर २३५ किलोमीटर आहे आणि ते दोघे लगेच परत येणार नाहीत. मग रिकाम्या गाडीचे पैसे आम्ही का द्यायचे? दुसरीकडे ॲपवर तशीच गाडी 'वन वे' ४,७०० ला दिसते. यातला खरा दर कोणता?"

दोन्ही दर खरे आहेत. ट्रॅव्हल्सवाल्याने गाडी परत रिकामी येणार असं धरलंय, ॲपने ती बहुतेक वेळा भरून येईल असं धरलंय. इंधन, टोल आणि ड्रायव्हरचा खर्च दोघांचाही जवळपास तितकाच आहे. मी पुण्यातून बरीच वर्षं टुरिस्ट गाड्या चालवतो, दुसऱ्या मालकांच्या गाड्याही कामाला लावतो. हा हिशोब आमच्याकडे रोज होतो, पण गिऱ्हाइकाला तो कोणी उलगडून सांगत नाही आणि त्यातूनच लुबाडल्याची भावना येते. म्हणून आकड्यांसकट सांगतो.

बाहेरगावच्या भाड्यात तुम्ही सीट घेत नाही, अख्खी गाडी घेता. ती जिथे उभी असते तिथून निघून परत तिथे येऊन लागेपर्यंतचा वेळ आणि अंतर तुमच्या नावावर असतं. धंद्यात याला 'गॅरेज टू गॅरेज' म्हणतात. स्वारगेटहून कोल्हापूरला गेलेली एसटी तिथे नवे प्रवासी घेऊन परत फिरते, म्हणून एसटीला एका बाजूचं तिकीट परवडतं. माझी गाडी मात्र एका पार्टीसाठी गेलेली असते. तुम्ही आई-वडिलांना राजारामपुरीत उतरवलंत की त्या क्षणी गाडीचं काम संपतं, पण गाडी घरापासून २३५ किलोमीटर लांब असते. तिला परत आणायचा खर्च कोणीतरी सोसायचाच असतो.

तो खर्च किती, ते बघू. चार सीटची, सीएनजीवरची सेडान घेऊ. हायवेला एसी लावून ती किलोला साधारण २५ किलोमीटर देते आणि गॅस किलोला ९० रुपये धरला, तर एका बाजूचा गॅस ८५० रुपयांचा होतो. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, क्लच, ब्रेक या झिजेचे किलोमीटरला दीड रुपया धरा, म्हणजे ३५० रुपये. मग गाडीची उतरणारी किंमत. नवी गाडी साडेआठ लाखांना घेतली, तीन लाख किलोमीटर पळवली आणि शेवटी ती दोन लाखांना गेली, तर प्रत्येक किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या आसपास किंमत उतरते. एका बाजूचे साधारण ५१५ रुपये झाले. गिऱ्हाईक हा खर्च धरत नाही आणि नवखे मालकही धरत नाहीत. म्हणून सुरुवातीला स्वस्तात गाड्या पळवणारे काही जण गाडी बदलायची वेळ आली की धंद्यातून बाहेर पडतात.

या रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके आहेत. चारही मिळून जाताना सोयीसाठी ४०० रुपये धरू. राष्ट्रीय महामार्गावर त्याच नाक्यावरून २४ तासांत परत आलं तर दोन्ही बाजूंचे मिळून एकेरीच्या दीडपटच पडतात, म्हणजे परतीला २०० रुपये. आता खासगी गाड्यांना वर्षाचा फास्टॅग पास मिळतो, त्यामुळे 'टोल तर तुम्हाला लागतच नाही' असं काही जण सांगतात. तो पास फक्त बिगर-व्यावसायिक गाड्यांना आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला प्रत्येक नाक्यावर पैसे भरावेच लागतात.

तर परतीच्या रिकाम्या फेरीचा नुसता रस्त्यावरचा खर्च ८५० अधिक ३५० अधिक ५१५ अधिक २००, म्हणजे १,९०० च्या थोडा वर गेला. गाडी रिकामी आहे, एसी बंद आहे म्हणून यातले फार तर शंभरेक रुपये वाचतील.

याच्या जोडीला वेळ धरायला हवा, आणि माझ्या मते खरं भांडण वेळेचंच असतं. सातारा–कागल भागातली रुंदीकरणाची कामं, कराडजवळची कोंडी आणि टुरिस्ट गाडीला ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर हे सगळं धरलं की एका बाजूला पाच तास लागतात. सकाळी सातला निघालेली गाडी बाराला पोचते. ड्रायव्हर जेवून निघाला तर संध्याकाळी सहा-सातला पुण्यात येतो. त्या दिवसात त्या गाडीला दुसरं भाडं लागत नाही. ड्रायव्हरचा पगार, कर्जाचं व्याज, टॅक्सीचा विमा, परमिट, फिटनेस, पार्किंग आणि ऑफिस यांचा महिन्याचा खर्च ३६,००० रुपये धरला आणि महिन्यात २४ दिवस गाडी कामाला लागली, तर दिवसाला १,५०० रुपये निघालेच पाहिजेत. ड्रायव्हरचा भत्ता ४०० रुपये वेगळा.

आता सगळं एकत्र करू. दोन्ही बाजूंचा गॅस, झीज आणि किमतीची घट मिळून ३,४३०, टोल ६००, भत्ता ४००, दिवसाचा खर्च १,५००. एकूण ५,९३० रुपये. तुमच्या ट्रॅव्हल्सवाल्याने बहुधा किलोमीटरला १३ रुपयांनी ४७० किलोमीटरचे ६,११०, त्यावर भत्ता आणि टोल असे ७,११० काढलेत. त्याच्या हातात बाराशेच्या आसपास उरतात. गाडी ज्या दिवशी बंद पडेल किंवा पार्टी ऐनवेळी रद्द करेल, तो दिवसही त्यातूनच भागवायचा असतो. या दराला मी महाग म्हणणार नाही. परतीला गाडीत कोणी नसेल असं धरलं, तर तो सरळ हिशोब आहे.

मग ४,७०० कुठून आले? एकमार्गी दर काढताना एका फेरीकडे बघून चालत नाही, त्याच मार्गावरच्या पुष्कळ फेऱ्या एकत्र धराव्या लागतात. समजा दहा गाड्या पुण्याहून कोल्हापूरला गेल्या. प्रत्येकीला जाऊन-येऊन ७,११० मिळायला हवेत, म्हणजे दहांचे ७१,१०० झाले. परतीला एकीलाही पार्टी मिळाली नाही तर हे सगळे पैसे दहा जाणाऱ्या पार्ट्यांनीच द्यायचे, म्हणजे प्रत्येकी ७,११०. दहाही भरून आल्या तर पैसे देणारे वीस होतात आणि प्रत्येकाला ३,५५५ पडतात. एकमार्गी दर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. कुठे बसणार, ते दहापैकी किती गाड्यांना परतीचं भाडं मिळतं यावर ठरतं.

सहा गाड्यांना मिळालं तर पैसे देणारे सोळा होतात. पण परतीची पार्टी तुमची गाडी पोचल्या क्षणी दारात उभी नसते. कधी ती इचलकरंजीत असते आणि रिकामं तिथवर जावं लागतं, कधी ती दुसऱ्या दिवशी सकाळची असते. मग ड्रायव्हर रात्रभर गाडीत झोपतो, एक भत्ता वाढतो, गाडीचा पुढचा दिवस अर्धा जातो. टोलची सवलतही पुण्याकडच्या नाक्यांवर हुकते, कारण खेड शिवापूर आदल्या दिवशी सकाळी पावणेआठला ओलांडलेलं असतं आणि परत तिथे यायला दहा वाजतात. या थांबण्याचे आणि फिरण्याचे दहा फेऱ्यांत मिळून पाचेक हजार धरले तर एकूण ७६,१०० होतात. सोळांत वाटले की ४,७५० च्या आसपास दर येतो.

ॲपवाल्याकडे दोन्ही शहरांत मागणी जास्त असते, त्यामुळे त्याच्या आठ गाड्या भरून परत येतात असं धरा. पैसे देणारे अठरा झाले, दर सव्वाचार हजारांवर उतरला. त्यावर त्याने स्वतःचं १० टक्के कमिशन लावलं की ४,७०० होतात. ॲपवर दिसणारा आकडा असा बनतो. तुमच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे दोन-तीनच गाड्या असतील आणि कोल्हापुरात त्याची ओळख नसेल, तर त्याला दहात तीन वेळाच परतीचं भाडं मिळत असेल. त्याचा एकमार्गी दर ५,६०० च्या खाली जाऊच शकत नाही. एवढा धोका घेण्यापेक्षा तो सरळ दोन्ही बाजूंचे पैसे सांगतो. त्याचा नाइलाज मला कळतो. पण 'परतीची पार्टी मिळाली तर कमी करीन' एवढं तरी त्याने आपणहून सांगायला हवं.

या मार्गावर आणखी एक प्रकारची गाडी असते, आणि सगळ्यात स्वस्त तीच पडते. ती पुण्याची नसते, कोल्हापूरची असते. कोल्हापूरहून कोणाला तरी पुणे विमानतळावर किंवा हॉस्पिटलला सोडायला आलेली गाडी दुपारी इथे मोकळी होते. तिच्या पार्टीने दोन्ही बाजूंचे पैसे आधीच दिलेले असतात. त्यामुळे तुम्हाला घेतल्याने तिचा वाढीव खर्च म्हणजे कोथरूड-हडपसरपर्यंत येऊन तुम्हाला उचलण्याचा गॅस आणि थोडा वेळ, एवढाच. म्हणून 'रिटर्न गाडी आहे, तीन हजारात जाईल' असे निरोप गाड्या पुरवणाऱ्या व्हेंडरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. ॲपसुद्धा अशाच गाड्या शोधत असतं. एकमार्गी गाडी मागताना म्हणूनच मी लोकांना सांगतो, तुम्ही जिथून निघता तिथला व्यावसायिक शोधू नका, जिथे पोचायचं आहे तिथल्या दोघा-तिघांना फोन करा. कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्सवाल्याला विचारा, 'परवा तुमची गाडी पुण्यात आहे का?' असेल तर तो आनंदाने देतो.

परतीच्या भाड्याची शक्यता दिशा, दिवस आणि वेळ बदलली की बदलते. पुणे–मुंबई मार्गावर दोन्ही बाजूंनी दिवसरात्र पार्ट्या असतात, विमानतळावर तर मध्यरात्रीही. म्हणून तिथला एकमार्गी दर जवळपास निम्म्यावर येतो. कोल्हापूरला सकाळी निघालेल्या गाडीला दुपारची परतीची पार्टी मिळू शकते, पण संध्याकाळी पाचला निघालात तर ती रात्री दहाला पोचते आणि तेव्हा तिथून पुण्याला निघणारं कोणी नसतं. त्याच गाडीचा दर संध्याकाळी वाढलेला दिसतो तो यामुळे.

गणपतीच्या आधीचे चार दिवस मुंबई–पुण्याहून कोकणात जायला गाडी मिळत नाही आणि चिपळूण, कणकवली, सावंतवाडीहून परत यायला माणूस मिळत नाही. सगळ्या गाड्या रिकाम्या येतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की प्रवाह उलटा फिरतो. मग कोकणातून येताना गाडी मिळत नाही आणि ती आणायला इथून रिकामी पाठवावी लागते. त्या दिवसांत एकमार्गी दर दोन्ही बाजूंच्या दराइतका सांगितला तर त्यात चुकीचं काही नाही. दुप्पटीच्याही वर मागतात, तेव्हा मात्र तो हिशोब नसतो, अडवणूक असते, आणि ती मला मान्य नाही.

गोव्याचं वेगळं आहे. पुण्याहून गोव्यात लोक भरपूर जातात, परतही येतात, तरी पुण्याच्या गाडीला तिथून परतीचं भाडं मिळणं अवघड जातं. बाहेरच्या गाड्यांनी आपल्या दारातून प्रवासी उचलायला तिथल्या टॅक्सीवाल्यांचा विरोध असतो आणि हॉटेलबाहेर वाद नको म्हणून आमचे ड्रायव्हर तिथे थांबतच नाहीत. म्हणून गोव्याचा एकमार्गी दर विचाराल तर बहुतेक जण जाऊन-येऊनचाच सांगतील.

लहान गावी जायचं असेल तर हिशोबाचे दोन तुकडे होतात. आजऱ्याला जायचंय असं समजा. आजरा कोल्हापूरपासून साधारण ८५ किलोमीटर पुढे आहे. परतीची पार्टी कोल्हापुरात मिळू शकते, आजऱ्यात मिळण्याची आशा फार थोडी. म्हणून जाणता माणूस पुणे–कोल्हापूर एकमार्गी दराने लावतो आणि कोल्हापूर–आजरा दोन्ही बाजूंचं लावतो, म्हणजे १७० किलोमीटरचे वेगळे. कोणी पूर्ण ६४० किलोमीटर लावत असेल तर अशी विभागणी मागायला हरकत नाही. उलट कोणी संपूर्ण अंतर एकमार्गी दराने स्वस्तात देत असेल, तर गाडी तुम्हाला कोल्हापूरलाच उतरवून पुढची सोय तुमच्यावर टाकणार नाही ना, हे आधीच विचारून घ्या.

हा हिशोब कुठे बिघडतो ते सांगतो, कारण तुमच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत. स्वस्त एकमार्गी भाडं परतीच्या पार्टीच्या आशेवर उभं असतं. ती आशा तुटली की पहिला फटका तुम्हाला बसतो. आदल्या रात्री फोन येतो, 'साहेब, सातऐवजी अकराला निघालं तर चालेल का?' याचा अर्थ बहुधा असा की तुमच्यासाठी धरलेली गाडी अजून आलेली नाही किंवा तिला तिकडून सोयीच्या वेळेची पार्टी मिळालेली नाही. काही वेळा सकाळी भाडं रद्दच होतं. आदल्या संध्याकाळी सातपर्यंत गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन आला नाही, तर दुसरी सोय बघायला लागा. नंबर मिळाला की पाटी पिवळी आहे ना, ते बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. दोन-तीनशे रुपयांसाठी तो धोका कोणी घेऊ नये.

रिटर्न गाडी घेताना ड्रायव्हरला एक प्रश्न नक्की विचारा: कोल्हापूरहून कधी निघालात? तो मध्यरात्री विमानतळाची पार्टी घेऊन निघाला असेल, पहाटे पाचला इथे पोचला असेल आणि सातला तुम्हाला घेऊन परत निघणार असेल, तर त्याची झोप झालेली नाही. ती गाडी फुकट मिळाली तरी आई-वडिलांना त्यात बसवू नका. चार तास झोपून अकराला निघतो म्हणाला तर चालेल. दुसरी अडचण अशी की काही वेळा मालकाला न सांगता ड्रायव्हर परस्पर पार्टी उचलतो. पैसे रोख, बुकिंग कुठेच नाही. वाटेत गाडी बंद पडली तर दुसरी पाठवायला कोणी नसतं. म्हणून पाचशे रुपये तरी ऑनलाइन आगाऊ मालकाच्या खात्यात जाऊ देत आणि ठरलेला दर मेसेजमध्ये लिहून घ्या. त्यात टोल धरलाय का, भत्ता धरलाय का आणि जीएसटीचं बिल मिळणार का, एवढं असलं पाहिजे. बिल लागत असेल तर साधारणपणे ५ टक्के वर जातात.

एकमार्गी भाड्यात मधलं काही बसत नाही, हेही आधीच लक्षात घ्या. साताऱ्याच्या आसपास चहा-नाश्त्याला अर्धा तास थांबलात तर कोणी काही म्हणत नाही. पण 'जाता जाता नरसोबाच्या वाडीला दर्शन घेऊन जाऊ' म्हणालात तर दीड-दोन तास आणि बरेच किलोमीटर वाढतात आणि तिकडे बाराला ठरलेली पार्टी हातची जाते. ड्रायव्हर तिथे चिडतो तो उगाच चिडत नाही. असं काही करायचं असेल तर आधी सांगा आणि त्याचा दर धरायला लावा.

मालक दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतो, त्याचं मूळही हेच आहे. महाबळेश्वरला जाऊन आलात तर २४० किलोमीटरच होतात, पण गाडीचा दिवस पूर्ण गेलेला असतो. याचा तुम्हाला उपयोग असा की राउंड ट्रिप की दोनदा एकमार्गी, हे त्यावरून ठरवता येतं. आई-वडील त्याच दिवशी परत येणार असते, तर त्या ७,११० मध्येच येऊ शकले असते, कारण गाडी तशीही येणारच होती. एक रात्र राहणार असतील तर किमान ६०० किलोमीटरचे ७,८००, दोन दिवसांचा भत्ता आणि २४ तास उलटल्याने सवलतीविना टोल मिळून ९,४०० च्या घरात जातं, म्हणजे दोन एकमार्गी फेऱ्यांइतकंच, आणि गाडी दोन दिवस हाताशी. तीन दिवस किंवा जास्त राहायचं असेल आणि तिथे गाडीने फिरायचं नसेल, तर गाडी थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. दोनदा एकमार्गीच घ्यावी.

आता राहिला तुमचा मूळ राग: तुमच्याकडून परतीचे पैसे घेऊन गाडीवाल्याने तिकडून दुसरी पार्टी आणली तर? होतं असं, आणि पुष्कळदा होतं. मालकांचं म्हणणं असं की गाडी रिकामी येण्याचा धोका आम्ही घेतला, तर फायदाही आमचाच. परतीची पार्टी अचानक मिळाली असेल तर मला ते पटतं. कारण ज्या दिवशी गाडी रिकामी आली त्या दिवशी आम्ही तुमच्याकडे जास्तीचे पैसे मागायला येत नाही. पण दर सांगतानाच परतीची पार्टी वहीत लिहिलेली असेल आणि तरीही दोन्ही बाजूंचे पूर्ण पैसे लावले असतील, तर तो एकाच रस्त्याचे दोनदा पैसे घेण्याचा प्रकार आहे आणि तो होता कामा नये. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही बुकिंगच्या वेळीच विचारा: 'तिकडून भाडं मिळालं तर किती कमी कराल?' माझ्याकडे कोणी हे विचारलं तर मी हजार-बाराशे कमी करायचं कबूल करतो, आणि पार्टी मिळाली की तेवढे परत पाठवतो. पार्टी दुपारी बाराच्या पुढे कोल्हापुरात थांबायला लावणार असेल तर त्यातून थांबण्याचा खर्च वजा होतो, हेही तेव्हाच सांगतो.

तुमच्या ओळखीच्या माणसाला हाच प्रश्न विचारा आणि सोबत दिवस थोडा सैल ठेवता येईल का ते सांगा. 'बुधवार किंवा गुरुवार, सकाळी सात ते दहाच्या मध्ये कधीही' असं म्हणालात तर त्याला कोल्हापूरच्या व्हेंडरांकडे परतीची पार्टी किंवा मोकळी गाडी शोधायला वाव मिळतो. दोन दिवस आधी हे कळलं तर ७,१०० म्हणणारा माणूस ५,५०० ला तयार होण्याची बरीच शक्यता आहे. ॲपपेक्षा ते सात-आठशे जास्त आहेत, पण गाडी आणि ड्रायव्हर त्याच्या माहितीतले असतील. वाटेत पंक्चर झालं किंवा वडिलांना बरं वाटेनासं झालं, तर फोन उचलणारा माणूसही तुमच्या ओळखीचा असेल.